बोटीवरचं वॉटर मिस्ट वाड्यातल्या संग्रहालयात चालेल का?

प्रश्न: आमच्या संस्थेचं छोटं वस्तुसंग्रहालय जुन्या दुमजली सागवानी वाड्यात आहे. पोथ्या, लाकडी मूर्ती, जुनी वस्त्रं, वाद्यं असा संग्रह आहे. एका विक्रेत्याने आग विझवायला वॉटर मिस्ट, म्हणजे दाबाने पाण्याचं बारीक धुकं फवारणारी यंत्रणा, सुचवलंय. तो म्हणतो, स्प्रिंकलरच्या दहावा हिस्सा पाणी लागतं आणि वस्तू भिजत नाहीत. माझा मावसभाऊ बोटीवर इंजिनीअर आहे. तो म्हणतो, आमच्या इंजिन रूममध्ये हेच असतं, डोळे झाकून घ्या. एवढ्याशा पाण्याने आग विझते कशी, आणि आमच्याकडे ते चालेल का?

उत्तर:

तुमच्या मावसभावाचा अनुभव खरा आहे, विक्रेत्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण दोघंही दोन वेगळ्या आगींबद्दल बोलतायत. मी आधी जहाजांवर इंजिन रूममध्ये काम केलं आणि आता इमारतींच्या अग्निसुरक्षेचं डिझाइन करतो, त्यामुळे ही गल्लत मला वरचेवर दिसते. इंजिन रूममध्ये मिस्ट ज्या कारणाने इतकं छान चालतं, ते कारण तुमच्या दालनात बहुतांशी नसतं. तरीही तुमच्याकडे ते चालू शकतं, पण वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या अटींवर. तुमचा वाडा मी पाहिलेला नाही. छताची उंची, चौक उघडा आहे की झाकलेला, वीजजोडणी किती, यावर बरंच अवलंबून आहे. ते जिथे येईल तिथे सांगतो.

आधी पाण्याचा हिशेब. तीस अंशांचं एक लिटर पाणी शंभर अंशांपर्यंत तापवायला साधारण २९० किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे पाण्याची आग गिळण्याची खरी ताकद तापण्यात नाही, वाफ होण्यात आहे. दोन्ही मिळून लिटरला अडीच हजार किलोज्यूल धरा. साध्या होजच्या धारेतलं बरंचसं पाणी आगीतून आरपार जातं आणि कोमट होऊन जमिनीवर वाहतं. त्याची ही ताकद वापरलीच जात नाही.

थेंब बारीक केला की हे बदलतं. एक लिटर पाण्याचे एक मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर सगळ्या थेंबांचा मिळून पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. तेच थेंब ०.१ मिलिमीटरचे केले, तर साठ चौरस मीटर. उष्णता पृष्ठभागातूनच आत शिरते, त्यामुळे बारीक थेंब ज्वाळेजवळ क्षणात वाफ होतो. त्यातच तो हवेत जास्त वेळ राहतो. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला चारेक मीटर वेगाने पडतो, म्हणजे तीन मीटरच्या छतावरून पाऊण सेकंदात जमिनीवर. ०.१ मिलिमीटरचा थेंब स्वतःच्या वजनाने तेवढंच अंतर उतरायला दहा-बारा सेकंद घेतो. तेवढ्या वेळात आग स्वतःसाठी जी हवा खेचून घेते, त्या हवेबरोबर तो ज्वाळेच्या बुडाशी ओढला जातो.

वाफ झाली की दुसरं काम सुरू होतं. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते आणि ती ज्वाळेच्या जागेवरच होते, म्हणून तिथला ऑक्सिजन बाजूला सारला जातो. तिसरं काम म्हणजे हवेत तरंगणारं धुकं ज्वाळेची धग अडवतं, त्यामुळे शेजारच्या वस्तू पेट घेण्याइतक्या तापत नाहीत. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ज्वाळा विझवायला तिची सगळी उष्णता काढून घ्यावी लागत नाही. ज्वाळेचं तापमान साधारण १,३०० अंशांच्या खाली आणलं की ज्वलनाची साखळी तुटते. एकूण उष्णतेचा काही हिस्सा पळवला तरी भागतं. थोड्या पाण्याने मोठी आग विझते ती यामुळे.

आता हे इंजिन रूममध्ये लावून बघा. तिथली नेहमीची भीती म्हणजे जनरेटरच्या इंधन पाइपचा एखादा जोड ढिला होतो, डिझेलचा फवारा उडतो आणि एक्झॉस्टच्या एखाद्या उघड्या तापलेल्या भागावर पडतो. २२० अंशांपेक्षा जास्त तापणारा प्रत्येक पृष्ठभाग झाकलेला असावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे तो याचसाठी. पण दुरुस्तीनंतर लॅगिंगचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणाचा, एखादा तुकडा परत नीट बसवलेला नसतो, आणि आग नेमकी तिथे लागते. अशी आग काही सेकंदांत मेगावॅटमध्ये जाते. इंजिनावर थेट लावायच्या मिस्टच्या चाचण्या एक आणि सहा मेगावॅटच्या डिझेल फवाऱ्याच्या आगींवर होतात. सहा मेगावॅट म्हणजे सेकंदाला सहा हजार किलोज्यूल. वरच्या हिशेबाने ती आग सेकंदाला जवळपास २.३ लिटर पाण्याची वाफ करू शकते. आग जितकी मोठी, तितकी वाफ जास्त, तितकं गुदमरणं जास्त. त्यात इंजिन रूम म्हणजे पोलादी पेटी, त्यामुळे वाफ आतच कोंडून राहते. आग स्वतःच्याच उष्णतेने स्वतःला मारते. तुमचा मावसभाऊ डोळे झाकून घ्या म्हणतो, कारण त्याने मिस्टला हे काम करताना पाहिलंय.

जहाजावर मिस्टचा दुसरा मोठा फायदा वेळेचा आहे. आग विझवायला कार्बन डायऑक्साइड सोडायचा तर आधी माणसं बाहेर काढा, हजेरी घ्या, पंखे बंद करा, हवेच्या वाटा बंद करणारे डॅम्पर लावा, इंधनाचे क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह पाडा, आणि मग गॅस सोडा. त्यात कित्येक मिनिटं जातात आणि एखादा माणूस आत राहिला तर तो मरतो. इंजिनवर थेट फवारणारी मिस्टची यंत्रणा इंजिन बंद न करता, माणसं बाहेर न काढता, जागा सीलबंद न करता चालली पाहिजे असंच सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या नियमांनी ठरवलंय. ५०० टनांवरची प्रवासी जहाजं आणि २,००० टनांवरची मालवाहू जहाजं यांच्या ५०० घनमीटरपेक्षा मोठ्या मुख्य मशिनरी जागांत ती बंधनकारक आहे. २००२च्या मध्यापासून बांधलेल्या जहाजांवर ती इंजिन, बॉयलरचं तोंड, इन्सिनरेटर आणि तापवलेल्या इंधनाचे प्युरिफायर यांच्या डोक्यावर दिसते.

प्रवासी जहाजांच्या केबिनमध्ये मिस्ट आलं त्यामागे एक भयानक आग आहे. ७ एप्रिल १९९० रोजी ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या फेरीवर आग लागली आणि १५९ जणांचा जीव गेला. त्यानंतर प्रवासी जहाजांवर स्प्रिंकलर आवश्यक झाले. पण जहाजाच्या वरच्या मजल्यांवर जाड पाइप आणि त्यातलं पाणी म्हणजे वर चढवलेलं वजन. त्याने जहाजाचा तोल बिघडतो. बोटाएवढ्या जाडीच्या स्टेनलेस पाइपमधून उच्च दाबाने थोडं पाणी नेणारं मिस्ट तिथे सोयीचं ठरलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९५ मध्ये अशा यंत्रणेला स्प्रिंकलरच्या बरोबरीचं मानण्याच्या चाचण्या ठरवल्या. त्याच सुमारास आग विझवायला वापरला जाणारा हॅलॉन गॅस बंद होत होता. १९८७च्या माँट्रियल करारामुळे विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून थांबलं. त्याला पर्याय शोधणाऱ्यांनीही मिस्टकडे मोर्चा वळवला. इमारतींमध्ये ही यंत्रणा बरीचशी जहाजांवरून उतरून आली आहे, आणि तिथूनच तिच्याबद्दलची अर्धवट समजूतही आली.

आता तुमचं दालन. मी काही आकडे गृहीत धरतो, तुम्ही तुमचे घालून बघा. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३.२ मीटर उंच. म्हणजे ७२ चौरस मीटर क्षेत्र आणि २३० घनमीटर हवा. रात्री एका प्रकाशयोजनेच्या वायरीतून ठिणगी पडते, खालचं कापड धुमसतं, अर्ध्या तासाने ज्योत निघते. नोझलच्या तोंडावरची काचेची कुपी उष्णतेने फुटून पाणी सुरू होईपर्यंत आग ३०० किलोवॅटची झाली असं धरू. तेवढ्या आगीची सगळी उष्णता पाण्याने घेतली तरी मिनिटाला सात लिटरच पाण्याची वाफ होईल. नोझलमधून किती पाणी येतं? प्रवाह म्हणजे नोझलचा के-गुणांक, जो नोझलच्या छिद्रावर ठरतो, गुणिले दाबाचं वर्गमूळ. के दोन आणि दाब ७० बार धरला तर एका नोझलमधून मिनिटाला जवळपास १७ लिटर. म्हणजे एकच नोझल चालू असलं तरी निदान दहा लिटर पाण्याची वाफ होतच नाही. ते धुक्याच्या रूपात दालनभर पसरतं आणि वस्तूंवर बसतं.

आग नसताना चुकून नोझल उघडलं, तर परिस्थिती आणखी सरळ आहे. २८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तुमच्या दालनात आर्द्रता साठ टक्के असेल तर सोळा ग्रॅम आधीच आहे, जागा उरली अकरा ग्रॅमची. २३० घनमीटरात मिळून अडीच लिटर. तेवढं पाणी एक नोझल नऊ सेकंदांत ओततं. त्यानंतरचा प्रत्येक लिटर ओलावा होऊन कुठेतरी बसणारच. पावसाळ्यात हवा आधीच नव्वद टक्क्यांवर असेल तर नऊ सेकंदही मिळत नाहीत. ‘वस्तू भिजत नाहीत’ हे वाक्य म्हणून खोटं आहे. भिजतात, पण कमी भिजतात, आणि धारेचा मार बसत नाही. पोथीचं पान फाटणं आणि पान ओलसर होणं यात संवर्धकाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. त्या फरकासाठी मिस्ट घ्यायचं, कोरडेपणाच्या आश्वासनावर नाही.

म्हणजे तुमच्याकडे मिस्ट आगीला वाफेने गुदमरवणार नाही. आग लहान आहे, आणि वाड्यात चौक, झरोके, दारांच्या फटी आहेत, त्यामुळे वाफ कोंडत नाही. तिथे मिस्ट काय करतं? छताखालचे तापलेले वायू थंड करतं, त्यामुळे आग छताच्या लाकडाला पकडत नाही. धग अडवतं, शेजारच्या वस्तूंचे पृष्ठभाग ओले करतं. आग आवरून धरतं. पूर्ण विझवतंच असं नाही. कपाटाआड किंवा चौथऱ्याखाली दडलेली लहान आग धुक्याखाली बराच वेळ धुमसत राहू शकते, कारण तिथे थेंब पोचत नाहीत आणि आगीला स्वतःची हवा खेचून थेंब आत ओढण्याइतका जोर नसतो. मोठी आग लहान खोलीत विझवणं मिस्टला सोपं जातं, लहान आग मोठ्या खोलीत अवघड जातं. साध्या अंदाजाच्या हे उलट आहे, म्हणून विक्रेता कोंदट खोलीत डिझेलची थाळी पेटवून दाखवतो तेव्हा ते प्रात्यक्षिक तुमच्यासाठी काहीही सिद्ध करत नाही.

‘दहावा हिस्सा’ हाही हिशेब करून बघू. १२ बाय ६ च्या दालनात चार बाय तीन मीटरच्या अंतराने सहा नोझल येतील. सगळी उघडली तर मिनिटाला १०० लिटर. अर्धा तास चालवायचं तर ३,००० लिटरची टाकी. स्प्रिंकलरला मिनिटाला चौरस मीटरमागे पाच लिटर धरले तर याच दालनाला ३६० लिटर लागतात, आणि एक तास धरला तर २१,६०० लिटर. टाक्यांची तुलना केली तर सातवा हिस्सा दिसतो. पण त्यातली अर्धी बचत वेळ निम्मा धरल्यामुळे आहे. मिनिटाला मिनिट तोललं तर फरक साडेतीन पटींचा. तोही कमी नाही. जुन्या वाड्याच्या अंगणात वीस हजार लिटरची टाकी कुठे बसवणार? तीन हजारांची बसते. वरच्या मजल्याच्या तक्तपोशीतून चार इंची पाइप नेण्याऐवजी बारीक स्टेनलेस पाइप नेता येतो, तुळईला मोठं भोक पाडावं लागत नाही. माझ्या मते वाड्यासाठी मिस्टची खरी बाजू हीच आहे.

नॉर्वेने आपल्या मध्ययुगीन लाकडी चर्चमध्ये मिस्ट बसवलं ते अशाच कारणांनी. १९९२ मध्ये बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं लाकडी चर्च जाळपोळीत खाक झालं. त्यानंतर तिथे हा विषय फार गांभीर्याने घेतला गेला. ही चर्च आडबाजूला आहेत, पाणी थोडं आहे, अग्निशमन दल दूर आहे आणि इमारत स्वतःच जपायची वस्तू आहे. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये १५ एप्रिल २०१९ ला छत जळाल्यानंतर नव्या ओक लाकडाच्या छतात मिस्टची यंत्रणा घातली आहे. उलट बाजूला वायमारचं आना आमालिया ग्रंथालय. सप्टेंबर २००४च्या आगीत तिथली सुमारे ५०,००० पुस्तकं जळाली आणि आणखी ६२,००० पुस्तकांचं आग आणि पाण्याने नुकसान झालं. ओली पुस्तकं गोठवून मग वाळवावी लागली. पाणी टाळता येत नाही, ते किती आणि कसं येईल हे आधी ठरवता येतं, एवढंच.

तुमच्या वाड्यात मी पुढच्या गोष्टी बघेन. पहिली, पोकळ्या. तक्तपोशी आणि वरची जमीन यांच्यामधली जागा, पोटमाळा, जिन्याखालचा बंद भाग, भिंतीतली लाकडी कपाटं. जुन्या वायरी नेमक्या इथून गेलेल्या असतात. दालनातलं मिस्ट तिथे पोचणार नाही. तिथे वेगळी नोझल हवीत किंवा वायरी तिथून काढून टाकायला हव्यात. इंजिन रूममध्येही हेच घडतं. फ्लोअर प्लेटच्या वर मिस्ट व्यवस्थित असतं आणि खाली बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी, साचलेलं तेल जळत राहतं.

दुसरी, चौक. उघड्या चौकालगतच्या ओसरीत वारा असतो आणि बारीक थेंब वाऱ्याबरोबर जातात. तिथे मिस्टवर भिस्त ठेवू नका. ओसरीत वस्तू मांडल्या असतील तर त्या आतल्या दालनात न्या, किंवा ओसरी आणि दालन यांच्यामध्ये आपोआप बंद होणारं दार करा. तिसरी, काचेच्या पेट्या. पेटीच्या आत दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी डबी, जळाला तर बाहेरचं मिस्ट आत जाणार नाही. ड्रायव्हर पेटीबाहेर काढणं हा स्वस्त आणि पक्का उपाय आहे. रात्री दालनांची वीज मुख्य स्विचलाच तोडा, फक्त धूर ओळखणारी यंत्रणा, फायर अलार्म आणि पंपाची लाइन चालू ठेवा.

चौथी गोष्ट वीज. मिनिटाला १०० लिटर पाणी पंपाशी १०० बारवर ढकलायला साधारण वीस किलोवॅटची मोटर लागते. घरगुती जोडणीच्या वाड्यात ती चालणार नाही, आणि आगीच्या वेळी वीज तोडायची असते. मग एकतर स्वतंत्र लाइन आणि डिझेल पंप, नाहीतर सिलिंडरची यंत्रणा. दाबाखालचा नायट्रोजन पाण्याच्या सिलिंडरमधून पाणी ढकलतो, वीज लागत नाही. मात्र सिलिंडरमध्ये पाणी मोजकं असतं, ते दहा मिनिटांत संपलं तर पुढे काय, हे तुमच्या गावातलं अग्निशमन दल किती वेळात पोचतं त्यावर ठरतं. दल पाच मिनिटांवर असेल तर सिलिंडर विचारात घ्या. चाळीस मिनिटांवर असेल तर घेऊ नका.

नोझलचा प्रकार काळजीपूर्वक निवडा. उघडी नोझल, जी एका सिग्नलवर सगळी एकदम सुरू होतात, ती इंजिनासाठी ठीक, पोथ्यांच्या दालनासाठी नकोत. तुम्हाला काचेची कुपी असलेली नोझल हवीत. कुपी आगीच्या उष्णतेने फुटते आणि फक्त तिथलंच पाणी सुरू होतं. पाइप एरवी कोरडा ठेवायचा. धुराच्या यंत्रणेने खात्री केली की मुख्य व्हॉल्व्ह उघडून पाइप भरतो, आणि कुपी फुटली तरच पाणी बाहेर येतं. म्हणजे एखाद्या रंगाऱ्याच्या शिडीने कुपी फुटली तर काही भिजत नाही, आणि अगरबत्तीच्या धुराने व्हॉल्व्ह उघडला तरीही नाही. धुरासाठी हवा ओढून तपासणारी नळ्यांची यंत्रणा घ्या. ती धुमसणाऱ्या कापडाचा माग ज्योत निघण्याच्या कितीतरी आधी लावते, आणि त्या वेळी रात्रीचा पहारेकरी एका साध्या अग्निशामक नळकांड्याने काम संपवू शकतो. पैसे कमी असतील तर आधी ही आणि वायरिंग करा, मिस्ट नंतर.

देखभालीबद्दल विक्रेता सहसा गप्प असतो. मिस्टचं नोझलचं छिद्र फार बारीक असतं आणि चिमूटभर गाळाने ते बंद होतं. बोअरवेलचं पाणी या टाकीत अजिबात घालू नका. क्षार काढलेलं पाणी, स्टेनलेस टाकी, पंपाआधी गाळणी आणि प्रत्येक नोझलमागे जाळी. पैसे वाचवायला मध्ये एखादा गॅल्व्हनाइज्ड तुकडा जोडला की तिथला गंज वर्षभरात सगळ्या नोझलमध्ये पोचतो. ओळखायचं कसं? पंपावरचा दाब नेहमीपेक्षा लवकर चढतो आणि चाचणीच्या नळातून प्रवाह कमी येतो. उघड्या नोझलच्या यंत्रणेत कोरडी हवा फुंकून प्रत्येक नोझलपाशी हात धरून बघता येतं, आणि एक तरी नोझल थंड वारा न देता गप्प बसलेलं सापडतंच. जहाजावर मी हे रंगाने बुजलेल्या नोझलच्या बाबतीत पाहिलंय. कोणीतरी डेकहेडला, म्हणजे जहाजावरच्या छताला, रंग देताना टोपी न लावता ब्रश फिरवतो. वाड्यात छताला पॉलिश करणारे तेच करतील.

दुसरा नेहमीचा बिघाड माणसांचा. धुराची यंत्रणा दोन-तीनदा खोटी वाजली की कोणीतरी स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर करतो, किंवा एकेका भागाला पाणी सोडणारा सेक्शन व्हॉल्व्ह बंद करून ठेवतो. जहाजांवरच्या तपासणीत असे बंद व्हॉल्व्ह सापडतात. तुमच्याकडे व्हॉल्व्हची स्थिती दाखवणारा दिवा पहारेकऱ्याच्या टेबलासमोर हवा आणि आठवड्यातून एकदा ती वहीत लिहायला हवी. पंप महिन्यातून एकदा खरंच चालवायला हवा. महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ‘बी’, घ्यावं लागतं. ती तपासणी होत असताना संस्थेचा एक माणूस सोबत उभा करा आणि चाचणीच्या नळातून पाणी येताना त्याला बघू द्या.

विक्रेत्याशी बोलताना ‘तुमची यंत्रणा प्रमाणित आहे का’ असं विचारू नका, हो म्हणेल. चाचणीचा अहवाल मागा. त्यात चार गोष्टी बघा: कोणत्या प्रकारच्या आगीवर चाचणी झाली, किती उंचीच्या छताखाली, नोझलमध्ये किती अंतर ठेवून, आणि कोणत्या नोझल क्रमांकावर. मिस्टमध्ये स्प्रिंकलरसारखं सगळ्या कंपन्यांना लागू पडणारं एक कोष्टक नाही. प्रत्येक नोझलचा थेंब, वेग आणि कोन वेगळा, त्यामुळे प्रत्येक नोझल ज्या परिस्थितीत तपासलं तेवढ्यापुरतंच खरं. तुमच्या वाड्यात दुमजली उंचीचा दिवाणखाना असेल, तर जहाजाच्या केबिनमधल्या बुटक्या छताखालचा अहवाल त्याला लागू होत नाही. इंजिन रूमचा तर नाहीच. तुम्हाला लाकूड, कापड, कागद अशा घन वस्तूंच्या आगीवरचा अहवाल हवा, तुमच्या छताइतक्या किंवा जास्त उंचीचा. तो नसेल, तर त्या दालनात साधे स्प्रिंकलर, कोरड्या पाइपच्या याच पद्धतीने, हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. तो पत्करण्यात कमीपणा काही नाही.

शेवटी, यंत्रणा कोणतीही बसवा, पाणी आल्यानंतरच्या दोन दिवसांची तयारी आत्ताच करा. ओल्या कागदावर आणि कापडावर आपल्या हवेत बुरशी धरायला अठ्ठेचाळीस तास पुरतात, पावसाळ्यात त्याहूनही कमी. कोणत्या पोथ्या आधी उचलायच्या याची यादी, टिपकागद, पॉलिथिनच्या पिशव्या, भाड्याने मिळणारे डीह्युमिडिफायर कुठून आणायचे त्याचा पत्ता, आणि ओल्या पोथ्या गोठवून ठेवायला जवळचं कोल्ड स्टोरेज. त्या कोल्ड स्टोरेजच्या मालकाशी आधी बोलून ठेवा. रात्री अडीच वाजता पहिल्यांदा फोन केला तर तो कांद्याशेजारी पोथ्या ठेवू देणार नाही. दालनांची मापं, छताची उंची आणि चौकाचा नकाशा इथे टाकलात, तर नोझल कुठे यावीत आणि कुठे चालणार नाहीत ते मी खुणा करून देईन.